‘मी याद्वारे घोषित करतो की…’: सही करण्याआधी फॉर्मच्या तळच्या ओळी कशा वाचायच्या

तालुक्याच्या गावी अभ्यासिकेच्या खाली माझं फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. भरतीची जाहिरात निघाली की शेवटच्या दोन दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. नाव, जात, टक्के, फोटो, सही अपलोड, सगळं पोरं डोळे फाडून बघतात. आणि शेवटचा परिच्छेद आला की एकच वाक्य येतं, ‘दादा, ते काही नाही, टिक करा.’

गोची तिथेच होते. वर भरलेल्या माहितीला ‘ही माझी आहे आणि खरी आहे’ असं म्हणणारी जागा अख्ख्या फॉर्मात ती एकच असते. टिक मी केली, बोट माझं होतं, तरी घोषणा तुमची. पहिल्यांदाच सरकारी भरतीचा फॉर्म भरणाऱ्यांसाठी हे लिहितोय. प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म साधारण याच वळणाचे असतात, पण नोकरीच्या फॉर्ममध्ये चूक चार-पाच वर्षांनी वर येऊ शकते, म्हणून तोच धरून बोलतो.

आधी परिच्छेदाचे तुकडे पाडा

तळचा मजकूर सलग छापलेला असला तरी त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पेन्सिल घेऊन मध्ये रेघा मारा.

पहिला तुकडा घोषणेचा: ‘वरील माहिती माझ्या माहितीनुसार व समजुतीनुसार खरी आहे.’ हा आजच्या तारखेचा जबाब आहे. आज जे खरं आहे तेवढ्यापुरता.

दुसरा तुकडा हमीचा. यात पुढच्या काळाबद्दल शब्द दिलेला असतो. मूळ कागदपत्रं मागाल तेव्हा हजर करीन, माहितीत बदल झाला तर कळवीन, नेमणुकीच्या अटी पाळीन, असा. पोरांच्या नजरेतून हाच निसटतो, कारण फॉर्म पाठवला की आपलं काम संपलं असं वाटतं. हमी मात्र तिथून पुढे सुरू होते.

तिसरा तुकडा परिणामांचा: ‘माहिती खोटी आढळल्यास कोणत्याही टप्प्यावर माझी उमेदवारी किंवा नियुक्ती रद्द होईल व मी कारवाईस पात्र राहीन, याची मला जाणीव आहे.’ यातले दोन शब्द अधोरेखित करून ठेवा. ‘कोणत्याही टप्प्यावर’ म्हणजे परीक्षेआधी, कागदपत्र तपासणीत, प्रशिक्षणात, नोकरीला लागून सहा वर्षं झाल्यावरही. आणि ‘जाणीव आहे’ म्हणजे पुढे ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची वाट तुम्ही स्वतःच बंद करून दिली.

नेमका मजकूर बघायचा तर महाराष्ट्र शासनाच्या नोकरीसाठी लागणारं लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन काढा. ‘नमुना अ’ म्हणतात तो हाच. २००५ च्या नियमांनी तो आला. त्यात हयात मुलं किती आणि २८ मार्च २००५ नंतर जन्मलेली किती, हे आकडे भरायचे असतात. मुलं दोनाहून जास्त असतील तर २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या मुलामुळे मी अपात्र ठरू शकतो याची जाणीव आहे, असं खाली लिहिलेलं असतं. म्हणजे प्रश्न, उत्तर आणि शिक्षा एकाच पानावर. अविवाहित पोरं हा नमुना न वाचता शून्य, शून्य भरून देतात. तेव्हा ते बरोबरच असतं, पण अट तिथेच संपत नाही. पुढच्या भरतीला तोच जुना पीडीएफ तारीख बदलून जोडणारे मी पाहिलेत, मधे लग्न होऊन मूल झालेलं असतानासुद्धा.

‘होय’ला कागद, ‘नाही’ला तपास

सही करण्याआधीचं काम एका ओळीत सांगायचं तर हेच. फॉर्ममध्ये जिथे जिथे ‘होय’ निवडलंय, तिथे त्याचा कागद समोर ठेवायचा आणि कागदावरची तारीख जाहिरातीतल्या तारखेशी ताडून बघायची. नॉन-क्रीमी लेयर ‘होय’ म्हटलं, तर प्रमाणपत्र हातात आहे का, मुदत कोणत्या ३१ मार्चपर्यंत आहे, आणि जाहिरातीत कोणत्या तारखेला ते वैध हवंय? ‘अर्ज टाकलाय, येईल पुढच्या आठवड्यात’ याला ‘होय’ म्हणत नाहीत. पदवीचंही तेच. निकाल लागायचा असेल तर ‘उत्तीर्ण’ लिहू नका. जाहिरातीत शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुभा असेल तर त्याचा रकाना वेगळा असतो.

‘नाही’चं काम जास्त अवघड, कारण त्याला कागद नसतो. घरात विचारावं लागतं. सगळ्यात जास्त माणसं जिथे अडकतात ते ‘नाही’ जरा सविस्तर सांगतो.

साक्षांकन नमुना: एका भांडणाची पाच उत्तरं

निवड झाली की चारित्र्य पडताळणीसाठी वेगळा फॉर्म भरून घेतात. त्याला साक्षांकन नमुना म्हणतात. केंद्र सरकारच्या नमुन्यात अगदी वरच तीन इशारे छापलेले असतात. खोटी माहिती देणं किंवा खरी माहिती दडवणं ही अपात्रता ठरेल, हा एक. फॉर्म दिल्यानंतर अटक, खटला, शिक्षा असं काही झालं तर ते ताबडतोब कळवायचं, नाहीतर तेही दडवणंच मानलं जाईल, हा दुसरा. आणि नोकरीत असताना कधीही हे उघड झालं तर सेवा संपुष्टात येऊ शकते, हा तिसरा. मघाचे तीन तुकडे आठवा. इथे तेच तळाऐवजी डोक्यावर आहेत.

गेल्या हंगामात एक मुलगा हा फॉर्म घेऊन आला. सगळ्या फौजदारी प्रश्नांसमोर त्याने पेन्सिलीने ‘नाही’ लिहून आणलं होतं. मी सवयीने विचारलं, ‘गावात कधी भांडण, पोलीस स्टेशन?’

‘तसं काही नाही दादा. चुलत्यांशी बांधावरून झालं होतं, पण ते मिटलं.’

हे ‘मिटलं’ ऐकलं की मी फॉर्म बाजूला ठेवतो. वडिलांना फोन लावायला सांगितला. हळूहळू बाहेर आलं ते असं: २०२१ मध्ये बांधावर मारामारी झाली, काठ्या निघाल्या. चुलत्याने फिर्याद दिली, तीत वडील, भाऊ आणि याचंही नाव. कलम ३२४, ५०४, ५०६ आणि ३४. पोलिसांनी याला अटक केली नाही, नोटीस देऊन सोडलं. त्याच महिन्यात ‘तहसीलला जाऊन एक सही केली होती’. पुढे दोषारोपपत्र गेलं, तारखा पडल्या. मग घरात समेट झाला, साक्षीदार कोर्टात उलटले आणि २०२३ मध्ये तिघेही निर्दोष सुटले.

आता फॉर्म काय विचारतो ते बघा. ‘कधी अटक झाली होती का?’ नाही. ‘कधी खटला चालला होता का?’ होय. ‘बंधपत्र घेतलं होतं का?’ इथे मुलगा ‘नाही’ म्हणत होता, पण तहसीलची ती सही म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्रच, ज्याला गावात चॅप्टर केस म्हणतात. म्हणून होय. ‘न्यायालयाने दंड केला का?’ नाही. ‘दोषी ठरवलं का?’ नाही. भांडण एकच, उत्तरं दोन होय आणि तीन नाही. हा सगळीकडे ‘नाही’ टाकून देणार होता, कारण त्याच्या डोक्यात प्रश्न एकच होता: ‘मी गुन्हेगार आहे का?’ फॉर्मने ते विचारलेलंच नव्हतं. निर्दोष सुटका हे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे, खटल्याच्या प्रश्नाचं नाही.

दुसरं टोकही तितकंच वाईट. घाबरून सगळीकडे ‘होय’ लिहिणारेही येतात. अटक झाली नसताना अटक ‘होय’ लिहिलं, तर तीही चुकीची माहितीच. अदखलपात्र नोंद, म्हणजे नुसती एनसी, हा काही खटला नाही. पण एखाद्या विभागाचा फॉर्म ‘पोलिसांत कोणतीही तक्रार नोंदली गेली होती का’ असं विचारत असेल, तर तिथे एनसीही सांगावी लागते. प्रश्नातलं क्रियापद बघा. अटक, दाखल, प्रलंबित, दोषी, हे चार शब्द चार वेगळ्या पायऱ्या आहेत.

त्या मुलाने आठ दिवस घेतले. कोर्टातून निकालाची प्रमाणित प्रत काढली, तहसीलमधून बंधपत्राच्या प्रकरणाची नक्कल काढली. फॉर्मवर जागा तीन ओळींची, म्हणून ‘सोबत स्वतंत्र पान जोडले आहे’ लिहून पान जोडलं. त्यावर पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, न्यायालय, खटला क्रमांक, निकालाची तारीख आणि ‘निर्दोष मुक्तता’. कहाणी नाही, चुलत्याची चूक कशी होती तेही नाही. खटला क्रमांक माहीत नसेल तर ईकोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून शोधता येतो. फक्त नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघावं लागतं, कारण कोर्टात ते कोणी कसं टंकलंय त्याचा नेम नसतो.

खरं सांगितलं म्हणजे नोकरी पक्की, असं मी त्याला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात हे सगळं नीट मांडून ठेवलंय. माहिती खरी दिली तरी नेमणूक करणाऱ्याला उमेदवाराची पार्श्वभूमी तपासायचा अधिकार राहतो. उलट माहिती दडवली, पण प्रकरण अगदी किरकोळ असेल, उदाहरणार्थ तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखं, तर ते सोडून देण्याची मोकळीकही नेमणूक करणाऱ्याला आहे. दोषी ठरल्याचं दडवलं आणि गुन्हा किरकोळ नसेल, तर नेमणूक रद्द होऊ शकते. सेवेत कायम झालेल्याला काढायचं तर आधी विभागीय चौकशी हवी. दडवल्याचा ठपका ठेवण्याआधी ती गोष्ट उमेदवाराला माहीत होती का, हे पाहावं लागतं. आणि फॉर्ममधला प्रश्न मोघम नको, नेमका हवा. जे नेमकं विचारलेलं नाही ते सांगितलं नाही म्हणून दोष देता येत नाही.

शेवटचे दोन मुद्दे थेट आपल्या परिच्छेदाला लागू होतात. ‘माझ्या माहितीनुसार व समजुतीनुसार’ हे शब्द शोभेचे नाहीत, त्यात तुमचा थोडा बचाव आहे. तुमच्या नकळत कोणी फिर्यादीत नाव घातलं आणि समन्स कधी आलंच नाही, तर तुम्ही दडवलं असं होत नाही. पण ज्या खटल्यात तुम्ही स्वतः पिंजऱ्यात उभे राहिलात, तिथे हे शब्द कामाला येत नाहीत. घटना वय १८ पूर्ण होण्याआधीची असेल तर फॉर्म भरण्याआधी वकिलाला भेटा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २४ मध्ये अशा मुलांना अपात्रता चिकटू नये अशी तरतूद आहे, पण कोणत्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे प्रकरणाचे कागद बघूनच ठरतं.

चूक आणि लबाडी यांत फरक करतात, पण उशिरा

नुसत्या टायपिंगच्या चुकीने नोकरी जाते का? बिहार पोलीस शिपाई भरतीतलं एक प्रकरण सांगण्यासारखं आहे. जन्मतारीख १८ डिसेंबर १९९७, फॉर्मवर पडली ८ डिसेंबर १९९७. एक आकडा गळाला. फॉर्म सायबर कॅफेत भरलेला, म्हणजे माझ्यासारख्याच कोणाच्या तरी दुकानात. मुलगा लेखी पास, शारीरिक चाचणी पास, आणि कागदपत्रांच्या वेळी तारीख जुळेना म्हणून नापास. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२४ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला. दहा दिवसांच्या फरकाने त्याचा काहीच फायदा होत नव्हता, दोन्ही तारखांनी तो वयात बसत होता, चूक क्षुल्लक होती, असं न्यायालयाने धरलं. छान झालं. पण भरती २०१७ च्या जाहिरातीची होती. मधली वर्षं त्याने कोर्टात घालवली.

त्यातून हाताशी धरायची कसोटी एवढीच: या चुकीने मला काही मिळालं का? वयाची मर्यादा, आरक्षण, गुणांची यादी, प्राधान्य, यांपैकी काही चुकीमुळे तुमच्या बाजूने झुकलं असेल, तर ‘अनवधानाने’ हा शब्द कोणी सहज ऐकून घेत नाही. जातीच्या दाव्यात तर महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे, २००० चा. जात पडताळणी समितीने प्रमाणपत्र खोटं ठरवून रद्द केलं तर मिळालेले फायदे काढून घेतले जातात. खोटी माहिती देऊन ते मिळवलं असेल तर सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. तिथे नोकरी किती वर्षं झाली हे ढाल म्हणून फारसं चालत नाही.

आता कायद्याच्या कलमांचं. महाराष्ट्रात २०१५ पासून बहुतेक कामांना प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. स्टॅम्प नाही, नोटरी नाही, म्हणून लोक ते हलकं समजतात. त्यावर भारतीय दंड संहितेचा उल्लेख असतो. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनी १९९ आणि २०० ही खोट्या घोषणेची कलमं नव्या संहितेत २३६ आणि २३७ झाली. छापील नमुन्यावर जुनंच नाव असेल तर त्याने तुमची सुटका होत नाही. खरं तर खटला क्वचितच भरला जातो, आधी येते ती कारणे दाखवा नोटीस. पण नोकरी जायला खटला लागतही नाही.

फॉर्म गेल्यावर चूक दिसली तर

मुदत उघडी असेल तर फॉर्म दुरुस्त करा किंवा जाहिरात परवानगी देत असेल तर नव्याने भरा. काही भरत्यांत मुदतीनंतर दोन-चार दिवस दुरुस्तीची खिडकी उघडतात, पण तीत सगळे रकाने बदलता येत नाहीत. प्रवर्ग आणि जन्मतारीख बहुधा बंदच असतात.

मुदत गेली असेल तर लेखी कळवा, आणि त्यांच्या लक्षात येण्याआधी कळवा. तपासणीच्या टेबलावर साहेबांनी बोट ठेवल्यावर दिलेला खुलासा आणि दोन महिने आधी आवक शिक्क्यासह दिलेलं पत्र, यांचं वजन सारखं नसतं. फोनवर ‘काही होत नाही, तपासणीला या’ असं सांगितलं तरी ईमेल पाठवाच, आणि जमलं तर स्पीड पोस्टाने प्रत. पत्र लांब नको:

‘विषय: अर्ज क्रमांक … मधील जन्मतारखेच्या नोंदीतील दुरुस्तीबाबत.
महोदय, मी वरील अर्ज दिनांक … रोजी सादर केला आहे. अर्जात जन्मतारीख ८/१२/१९९७ अशी नोंदली गेली आहे. दहावीच्या प्रमाणपत्रानुसार माझी जन्मतारीख १८/१२/१९९७ आहे. दोन्ही तारखांनुसार मी वयोमर्यादेत बसतो. ही चूक दिनांक … रोजी माझ्या लक्षात आली. प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. नोंद दुरुस्त करावी, ही विनंती.’

काय पडलं, काय हवं, त्याने फरक काय पडतो, आणि कधी लक्षात आलं, एवढंच. ‘फॉर्म भरणाऱ्याने चूक केली’ हे वाक्य घालू नका. खरं असलं तरी खाली सही तुमची आहे, आणि ते वाचणारा मनात तेच म्हणतो.

चूक तुमच्या फायद्याची असेल, म्हणजे प्रवर्ग किंवा गुण जास्त पडले असतील, तरी कळवायचंच. उमेदवारी जाण्याची शक्यता खरी आहे. पण आज उमेदवारी जाते. न कळवता पुढे गेलात तर घर भाड्याने घेतल्यावर, कर्जाचे हप्ते सुरू झाल्यावर नोकरी जाते, आणि त्या विभागाने पुढच्या परीक्षांना बंदी घातली तर तीही वाट्याला येते.

दुकानात आल्यावर

आमच्यासारख्यांकडून फॉर्म भरून घेणार असाल तर शेवटचा पूर्वावलोकनाचा पडदा स्वतः वाचायला मागा. मागे रांग असली तरी. मी मॉनिटर फिरवून देतो आणि जन्मतारीख, प्रवर्ग, गुण आणि प्रत्येक होय-नाही मोठ्याने वाचायला लावतो. पोरं लाजतात, पण तेवढ्यात दोन-तीन चुका सापडतातच. परवा एकीच्या फॉर्मवर माझ्याच हातून ‘माजी सैनिक: होय’ पडलं होतं. वय बावीस.

ओटीपी आणि पासवर्ड तुमच्याच मोबाइलवर ठेवा, ईमेल दुकानाचा देऊ नका. दुरुस्तीची खिडकी उघडल्याचा मेल दुकानाच्या खात्यात पडून राहिल्याचं मी पाहिलंय. भरलेल्या फॉर्मचा पीडीएफ, तळच्या परिच्छेदासकट, आणि जाहिरातीची त्या दिवशीची प्रत एका फोल्डरमध्ये टाका. तीन वर्षांनी साक्षांकन नमुना हातात आला की तोच पीडीएफ उघडून दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची आहेत. वेगळी निघाली, तर का वेगळी आहेत याची एक ओळ जोडलेल्या पानावर आधीच लिहून टाका.